आधी वाचन, मग बेरीज

“टोटल जुळली ना, मग बिल बरोबर वाचलंय.” हिशेब लिहिणारी पुष्कळ अनुभवी माणसं असं सांगतात. बाजारातल्या छोट्या व्यापाऱ्याचं हाताने लिहिलेलं बिल समोर असतं, आकडे देवनागरी असतात आणि एखादा अंक काही केल्या लागत नाही. मग बेरीज करून पाहायची, जो अंक घातल्यावर ती जुळते तोच तिथे लिहिलाय असं धरायचं आणि पुढच्या बिलाकडे वळायचं, ही सर्रास रीत आहे. वेळ वाचतो, खातं बंद होतं आणि कोणी विचारायलाही येत नाही.

मला ही रीत चुकीची वाटते. बिलावरचा प्रत्येक अंक आधी जसा लिहिलाय तसा वाचावा, प्रमाण अंकांत उतरवावा, शंका असेल तिथे शंकाच लिहावी, आणि हे सगळं होईपर्यंत बेरजेला हात लावू नये. बेरजेला साक्षीला जरूर बोलवावं, पण तिच्या हाती लेखणी देऊ नये. असं का म्हणते, ते एक बिल उलगडल्याशिवाय पटणार नाही.

एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यावरून भाजी येते असं धरू. बिलबुकाचं पान आहे, बॉलपेनने घाईत लिहिलेलं. डावीकडे माल, मग वजन किलोत, मग भाव आणि शेवटी रक्कम:

बटाटा – ५० – २२० – ११००
कांदा – ४० – १६० – ६४०
फ्लॉवर – १५ – १८० – २७०
गवार – ७॥ – ४८० – ३६०
आलं – ४॥। – ८०० – ३८०
हमाली व इतर – ६१/-
एकूण – २८११=००

वर तारीख १९/०९ आहे. इथे छापलेले अंक स्वच्छ दिसतात. मूळ कागदावर मात्र हमालीच्या ६१ मधला शेवटचा अंक १ आहे की ९, हे सांगता येत नाही. एकूण रकमेचा शेवटचा अंकही तसाच आहे, आणि तारखेतला दुसराही.

बेरजेकडे वळण्याआधी भावाचा स्तंभ पाहू. ५० गुणिले २२० म्हणजे ११०००, आणि बिलावर तर ११०० आहेत. नवखा माणूस इथेच अडखळतो. त्याला वाटतं एक शून्य राहिलंय, किंवा वजन ५ किलो असावं. पण या बाजारात फळभाज्यांचा भाव दहा किलोचा बोलला जातो, म्हणजे २२० हा दहा किलोंचा दर आणि किलोला २२ रुपये. लासलगावच्या कांद्याचा भाव क्विंटलचा असतो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा किलोचा किंवा पाव किलोचा. भाव कशाचा आहे हे बहुतेक वेळा बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं, कारण देणारा आणि घेणारा दोघांनाही ते ठाऊक असतं. हिशेब लिहिणारीला ते ठाऊक नसेल, तर ती अंक बरोबर वाचूनही गुणाकार चुकवते आणि मग न चुकलेला अंक ‘दुरुस्त’ करते. म्हणून एका गाळ्याचं बिल पहिल्यांदा हाती आलं की भावाचा पाया विचारून घ्यावा आणि तो वहीत त्या गाळ्याच्या नावापुढे लिहून ठेवावा.

आता तो अडलेला अंक. वरच्या पाच रकमांची बेरीज २७५० होते. हमाली ६१ धरली तर एकूण २८११, ६९ धरली तर २८१९. एकूण रकमेच्या शेवटीही तोच संशयित अंक बसलाय, म्हणजे दोन्ही वाचनं तितकीच नेटकी जुळतात. ‘टोटल जुळली की झालं’ म्हणणारा माणूस इथे ६९ वाचेल, २८१९ वाचेल, ताळा बरोबर आला म्हणून समाधानाने पान उलटेल आणि आठ रुपये जास्त लिहून ठेवेल. बेरजेने त्याला काहीच सांगितलेलं नाही. लिहिणारा हात एकच असतो आणि तो एक अंक जसा हमालीत काढतो तसाच बेरजेतही काढतो, त्यामुळे वाचणाऱ्याचा गैरसमजही दोन्हीकडे सारखाच होतो. शेवटच्या ओळींतली बाब आणि खालची एकूण रक्कम यांत हे वारंवार घडतं, कारण एककाच्या घरात बाकी सगळीकडे शून्य असलं की शेवटची सुटी रक्कम जशीच्या तशी एकूण रकमेच्या टोकाला उतरते.

मग ठरवायचं कसं? त्या हाताचे नमुने गोळा करून. १ आणि ९ या दोघांनाही एक गाठ असते आणि एक शेपटी, फरक पडतो तो वळण कोणत्या बाजूला उघडतं यामुळे. घाईत गाठ मिटते, वळण आखडतं आणि दोघं भावंडांसारखे दिसू लागतात. पण एकच माणूस लिहीत असतो तेव्हा त्याच्या १ आणि ९ मध्ये काही ना काही फरक टिकून राहतो. तो शोधायचा तर आधी ज्यांच्याबद्दल अजिबात शंका नाही असे १ आणि असे ९ हवेत. इथे गणिताची खरी मदत होते. कांद्याच्या ओळीत ४० किलो आणि रक्कम ६४०, या दोन्ही आकड्यांत १ किंवा ९ यांपैकी काहीच नाही, आणि भाव १६० असल्याशिवाय ही रक्कम येत नाही. म्हणजे १६० मधला १ पक्का. बटाट्याच्या ५० आणि २२० मध्येही संशयित अंक नाही, म्हणून ११०० मधले दोन्ही १ पक्के. फ्लॉवरच्या वजनात आणि भावात दोन्हीकडे संशयित अंक आहे, पण रक्कम २७० ही १५ आणि १८० या एकाच जोडीने येते. ९५ किंवा ९८० घेऊन पाहिलं तर रक्कम हजारांच्या पुढे जाते. तारखेतला पहिला अंक ९ असूच शकत नाही, कारण कुठल्याही महिन्यात नव्वदावा दिवस नसतो. असे सहा पक्के १ मिळाले. पक्का ९ मात्र एकच आहे, महिन्याचा, कारण हे बिल सप्टेंबरच्या गठ्ठ्यातलं आहे. तारखेतला दुसरा अंक ११ चा की १९ चा, हे ठरलेलं नाही, म्हणून तो नमुन्यात घ्यायचा नाही. पक्का नसलेला अंक नमुना म्हणून वापरला की सगळी तुलना ढासळते, आणि माणसं ही चूक फार सहज करतात.

आता सहा १ एका ओळीत डोळ्यांसमोर ठेवून पाहिलं तर या हाताची खूण दिसते. प्रत्येक १ ची शेपटी छापील रेघेच्या खाली उतरली आहे, आणि महिन्याच्या ९ ची शेपटी रेघेपर्यंत येऊन आत वळली आहे. हमालीतल्या अंकाची शेपटी रेघेखाली गेलीय, एकूण रकमेतल्याचीही. म्हणून ६१, आणि २८११. तारखेतल्या दुसऱ्या अंकाची शेपटी रेघेवरच वळलीय, म्हणजे १९. पक्का ९ एकच असल्याने हा निर्णय थोडा कच्चा राहतो, हेही मान्य करायला हवं. त्याच गाळ्याची आधीची दोन-चार बिलं काढून ९ चे आणखी नमुने पाहिले की तो पक्का होतो. ज्या गाळ्याकडून नेमाने माल येतो त्याच्या नावाचं एक पान करून त्यावर त्या हाताचे शून्य ते नऊ अंक नकलून ठेवले, तर पुढची प्रत्येक वेळ वाचते.

हे पान करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडचे फार थोडे व्यापारी शुद्ध देवनागरी अंक लिहितात. शाळेत मराठी अंक शिकलेले, नंतर कॅल्क्युलेटर आणि मोबाइलवर इंग्रजी अंकांची सवय झालेले हे हात एकाच ओळीत दोन्ही लिहितात. ०, २, ३ दोन्ही लिप्यांत जवळजवळ एकच असल्याने तिथे काही बिघडत नाही. बिघडतं ते जिथे एका लिपीतला अंक दुसऱ्या लिपीतल्या वेगळ्याच अंकासारखा दिसतो तिथे. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. देवनागरी ४ ची वरची टोकं घाईत मिळाली की 8 तयार होतो. वरून उघडा काढलेला इंग्रजी 4 हा देवनागरी ५ वाटतो. देवनागरी ७ हा इंग्रजी 6 कडे झुकतो, आणि ६ हा ३ चं उलटं रूप असल्याने आळशी हातात दोघं मध्येच कुठेतरी भेटतात. गुजराती शाळेत शिकलेल्या व्यापाऱ्याचा पाच तर शिरोरेघ नसलेल्या ‘प’ सारखा असतो. तेव्हा ‘हा अंक कोणता’ या प्रश्नाच्या आधी ‘हा हात हा अंक कोणत्या लिपीत लिहितो’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर एका अंकाकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी मिळत नाही. ते पूर्ण बिलातूनच मिळतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले उज्ज्वल भट्टाचार्य आणि बी. बी. चौधुरी यांनी यंत्राकडून असे हस्तलिखित अंक वाचून घेण्यावर २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिश्र अंकांचा प्रश्न मुद्दाम हाताळला होता. त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष टपालावरचे आणि नोकरीच्या अर्जांवरचे अंक गोळा केले होते. टपालाच्या पत्त्यांत जे दिसतं तेच भाजीच्या बिलातही दिसतं.

एक अंक चुकला तर असं काय मोठं, असं कोणी म्हणेल. आपल्या नमुन्याच्या बिलात तारखेसकट, पण एकूण रकमेपुढची पैशांची दोन शून्यं सोडून, ४९ अंक आहेत. वाचणारी व्यक्ती चांगली आहे आणि शंभरातला एकच अंक चुकते असं धरलं, आणि चुका इकडेतिकडे विखुरलेल्या आहेत असं मानलं, तर अशा शंभर बिलांतली जेमतेम ६१ पूर्ण निर्दोष उतरतील. बाकीच्या ३९ मध्ये एक तरी अंक चुकलेला असेल. प्रत्यक्षात चुका विखुरलेल्या नसतात, त्या एकाच हाताच्या बिलांत घोळक्याने येतात. त्यामुळे काही गाळ्यांची बिलं नेहमी स्वच्छ उतरतात आणि एखाद्या गाळ्याची नेहमी बिघडतात.

शिवाय सगळ्या जागी चूक सारखी उघडी पडत नाही. सर्वांत डावीकडच्या अंकाला व्यवहारज्ञान राखतं. पन्नास किलो बटाट्याचे ९१०० रुपये कोणी वाचणार नाही. उजवीकडच्या टोकाची चूक चार-आठ रुपयांची असते. मधला अंक मात्र कोणीच राखत नाही. आल्याचा भाव ८१० की ८९०, हमाली ११५ की १९५, हे दोन्ही आकडे तितकेच संभवनीय वाटतात आणि महिनाअखेरीला शेकड्यांचा फरक पाडतात. शंका आली की अधिक वेळ मधल्या अंकांवर घालवावा, कारण तिथे चुकलो तर हटकायला कोणी नसतं.

अंकांइतक्याच चुका अंकांच्या शेजारच्या रेघांमुळे होतात. गवारीच्या ओळीत ७॥ आहे, म्हणजे साडेसात. आल्याच्या ओळीत ४॥। आहे, म्हणजे पावणेपाच. एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, ही खूण आपल्याकडे फार जुनी आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि पैशातही हेच दंड चालत, चार आण्यांना एक, आठला दोन, बाराला तीन. नाणी बदलली तरी वजनात खूण टिकली, कारण पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो हीच मापं आजही ग्राहक तोंडाने मागतो. पण ज्यांच्या शाळेत ही खूण शिकवलीच गेली नाही, त्यांना ७॥ म्हणजे ७११ दिसतात, फार तर ७.११. हा अर्थ डोळ्याला इतका स्वाभाविक वाटतो की शंकाच येत नाही. त्याहून अवघड प्रसंग म्हणजे तिसरा दंड पुसट उमटलेला असणं. आल्याचं वजन ४॥ वाचलं तर रक्कम ३६० यायला हवी आणि बिलावर ३८० आहेत. फरक २० रुपये, आणि ८०० रुपये दहा किलो भावाने पाव किलो आल्याची किंमत नेमकी २० रुपयेच होते. फरक पाव किलोच्या किमतीइतका निघाला की एखादा दंड सुटलाय असं समजावं आणि कागद उजेडात तिरका धरून पाहावा. कार्बन प्रतीवर तर हा दंड बऱ्याचदा फक्त दाब म्हणून उमटलेला असतो.

दोन दंडांचा आणखी एक घोटाळा आहे. वरच्या ओळीतलंच खाली घ्यायचं असेल तर व्यापारी ‘वरीलप्रमाणे’ म्हणून दोन छोट्या रेघा ओढतो. त्या वजनाच्या स्तंभात आल्या की अर्धा किलो आणि ‘वरीलप्रमाणे’ यांत फरक उरत नाही. इथे रकमेशी गुणाकार करून पाहणं हाच मार्ग आहे, आणि बहुधा तो लगेच निकाल देतो, कारण अर्धा किलो आणि चाळीस किलो यांत गल्लत होण्याइतकी रक्कम जवळ नसते.

हमालीपुढचं ‘/-’ आणि एकूण रकमेपुढचं ‘=००’ यांनीही पुष्कळ बिलं बिघडवली आहेत. तिरकी रेघ उभी झाली की ६१/- चे ६११ होतात. बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा एकमेकींना चिकटल्या की २८११=०० हे २,८१,१०० दिसू लागतं; तो आकडा हास्यास्पद असल्याने पकडला जातो, पण ४०=०० चे ४००० झाले तर पकडला जाईलच असं नाही. शेतकऱ्याच्या कांद्याच्या पट्टीवर वजन ‘१२-४’ असं असेल तर ते १२ क्विंटल ४ किलो असतं, म्हणजे १२.०४ क्विंटल. ते १२.४ असं उतरवलं तर ३६ किलो कांदा हवेतून उगवतो. तेव्हा आडवी रेघ, बरोबर, तिरकी रेघ या सगळ्या खुणा प्रमाण अंकांत उतरवताना जशाच्या तशा नेऊ नयेत. आधी त्यांचा अर्थ ठरवावा आणि मग दशांशात लिहावा: ७.५०, ४.७५, ६१.००, १२.०४.

उतरवण्याची माझी रीत साधी आहे. वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात चार स्तंभ असतात. पहिल्यात बिलावर जसं दिसतं तसं, देवनागरीतच, दंडांसकट. दुसऱ्यात त्याचं प्रमाण अंकांतलं रूप. तिसऱ्यात शंका, म्हणजे 61 किंवा 69 असं दोन्ही लिहून, कारण निव्वळ प्रश्नचिन्हाने पुढच्या माणसाला काही कळत नाही. चौथा स्तंभ सगळी बिलं उतरून होईपर्यंत रिकामा, आणि मग त्यात वजन गुणिले भाव, आणि एकूण रकमेपुढे आपली बेरीज. पहिला स्तंभ अनेकांना फुकटचं काम वाटतं. पण महिन्याने वाद निघाला, तर आपण १ वाचून 1 लिहिला की ९ वाचून 1 टंकला, हे त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. वाचण्याची चूक आणि लिहिण्याची चूक या दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

संगणकावर देवनागरी अंकाचं प्रमाण अंकात रूपांतर करणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. ० ते ९ ही दहा चिन्हं युनिकोडमध्ये U+0966 ते U+096F अशी ओळीने बसवलेली आहेत आणि पायथॉनमध्ये `int("२८११")` लिहिलं की थेट 2811 मिळतात. पण `int("७॥")` लिहिलं तर यंत्र नकार देतं, आणि तो नकार फार मोलाचा आहे. काही तक्त्यांत मात्र नकार न येता तो आकडा मजकूर म्हणून गप्प बसतो आणि `SUM` त्याला वगळून बेरीज दाखवतं. एकूण रक्कम कमी येते आणि चूक कुठे आहे याची खूण पडत नाही. म्हणून बेरीज करण्याआधी दुसऱ्या स्तंभातला प्रत्येक खण खरोखरच संख्या आहे का, हे `ISNUMBER` लावून पाहावं.

दोघं मिळून उतरवत असतील, एक वाचतो आणि दुसरा लिहितो, तर आकडे शब्दांत वाचू नयेत. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी कानावर पडतात आणि साठ नंतर. घाईत हात ३ आधी लिहितो आणि ३६ होतात. याच अडचणीमुळे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली. मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. शाळेत काय असावं यावर मतं वेगळी असू शकतात, पण हिशेब उतरवताना ‘सहा, तीन’ असं एकेक अंकाने वाचणंच सुरक्षित आहे.

हे सगळं झाल्यावर बेरीज करावी. ती जुळली नाही तर फरकाकडे पाहावं, कारण फरक बोलतो. ८, ८० किंवा ८०० चा फरक असेल तर बहुधा कुठेतरी १ आणि ९ यांची अदलाबदल झालीय. ४, ४० किंवा ४०० असेल तर ४ आणि 8 यांची. नऊने नि:शेष भागला जाणारा फरक असेल तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेत, जसे ६३ चे ३६, फरक २७. मात्र फरक १० किंवा १०० असेल तर नुसत्या फरकावर विसंबू नये. देवनागरी ५ ऐवजी 4 वाचला किंवा ७ ऐवजी 6 वाचला तरी एवढाच फरक येतो, आणि व्यापाऱ्याने बेरजेत हातचा धरला नाही तरीही एवढाच. पहिली चूक आपल्या वाचण्याची, दुसरी त्याच्या बेरजेची.

इथेच अंक ‘जुळवून घेण्याची’ रीत सर्वांत घातक ठरते. व्यापारीही माणूस आहे. पहाटे पाचला, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मांडीवर बिलबुक ठेवून केलेल्या बेरजेत तोही चुकतो. बिल वाचणारीने बेरजेला शरण जाऊन ५ चा 4 करून टाकला, तर त्याची चूक कागदावरून नाहीशी होते आणि ती कधीच कोणाला दिसत नाही. कधी त्यात संस्थेचं नुकसान असतं, कधी त्या व्यापाऱ्याचं. व्यापाऱ्याने २८११ च्या जागी २७११ लिहिले असतील, तर पहिल्या आणि दुसऱ्या स्तंभात २७११ च राहायला हवेत आणि चौथ्यात २८११. पैसे २७११ दिले गेले, हीसुद्धा खरीच गोष्ट आहे. फरकाचे शंभर रुपये पुढच्या खेपेला द्यायचे की नाही, हे वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने ठरवायचं असतं. ते त्याच्यापर्यंत पोचणं, एवढं काम हिशेब लिहिणारीचं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दिवसाला पन्नास बिलं येत असतील तर प्रत्येकाचे नमुने कोण काढत बसणार? नाही बसायचं. ज्या बिलाचा गुणाकार ओळीओळीने जुळतो आणि ज्यात एकही अंक संशयित नाही, ते सरळ पुढे जाऊ द्यावं. नमुन्यांचं काम शंकेच्या बिलांपुरतं असतं, आणि गाळ्यांची पानं एकदा झाली की तीही थोडीच उरतात. शंका खरोखर न सुटणारी असेल तर दोन्ही आकडे ठेवावेत आणि महिन्याच्या बेरजेखाली ‘आठ रुपये अनिश्चित’ असं लिहावं. लेखापरीक्षक अशा ओळीला आक्षेप घेत नाही. त्याला त्रास होतो तो आत दडवलेल्या अंदाजाचा.

व्यापाऱ्याला विचारून टाकावं, हाही सल्ला दिला जातो. त्याच दिवशी विचारता आलं तर उत्तम. पंधरा दिवसांनी विचारलं तर तोही आपल्या कार्बन प्रतीकडे बघूनच उत्तर देणार, आणि ती प्रत आपल्या प्रतीहून पुसट असते.

त्याच्याकडून काही मागायचंच असेल तर ते बिल लिहिण्याच्या वेळी मागावं. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे धनादेशावर अंक आणि अक्षरं यांत तफावत असेल तर अक्षरांतली रक्कम धरली जाते. अंकांना गंडवणं सोपं आणि शब्दांना अवघड, हे त्या कायद्याने कधीच ओळखलं होतं. ११ आणि १९ कागदावर एक होऊ शकतात, ‘अकरा’ आणि ‘एकोणीस’ होऊ शकत नाहीत. छापील बिलबुकांत ‘अक्षरी रुपये’ अशी ओळ पुष्कळदा असतेही, पण गर्दीच्या वेळी ती पूर्ण भरायला कोणाला सवड नसते. म्हणून मी पूर्ण रक्कम मागत नाही. शेवटचे दोन अंक तेवढे अक्षरांत लिहा, एवढंच गाळ्यांवर सांगून ठेवते. काही जण लिहितात, काही विसरतात. जे लिहितात त्यांच्या बिलांत एकूण रकमेच्या टोकाची शंका उरत नाही. आपल्या नमुन्याच्या बिलात खाली नुसतं ‘अकरा’ असतं, तर शेवटच्या ओळीत सुटी रक्कम हमालीचीच असल्याने तिचा अंकही त्याच एका शब्दाने ठरला असता. वरच्या ओळींतल्या मधल्या अंकांसाठी मात्र त्या हाताच्या अंकांचं पान काढून बसावंच लागतं.